चहाच्या गाड्याची फ्रँचायझी: चौकशीच्या व्हिडिओत रुपये कसे बोलायचे

गोव्यात फोंड्याला राहून मी दुकानदारांसाठी छोटे व्हिडिओ लिहितो आणि काढूनही देतो. चहाच्या एका ब्रँडसाठी लिहिलेली माझी पहिली फ्रँचायझी स्क्रिप्ट ९० सेकंदांची होती. तिच्यात एक वाक्य होतं: "महिन्याला साठ हजारांपर्यंत कमाई." 'पर्यंत' हा शब्द घातला म्हणजे आपण सुटलो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दोनेक महिन्यांनी सत्तरी तालुक्यातले एक गृहस्थ ब्रँडच्या मालकाकडे आले. मुलाला गाडो टाकून द्यायचा होता, कर्जाची बोलणीही झाली होती. त्यांनी वही उघडली. पहिल्याच पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं, ६०,००० × १२ = ७,२०,०००. 'पर्यंत' वहीत उतरलाच नव्हता. आणि ते साठ हजार कुठून आले होते? बसस्टँडजवळच्या एका दुकानाचा एका डिसेंबरचा आकडा होता तो. त्यातून दूध, साखर, पावडर वजा केली होती, पण भाडं आणि पगार तसेच राहिले होते. मी विचारलं नाही, मालकाने सांगितलं नाही. व्हिडिओ त्याच दिवशी काढला.

त्यानंतर मी स्क्रिप्ट लिहायची पद्धतच बदलली. या कामात नवीन असाल तर ती उपयोगी पडेल म्हणून सांगतो. उदाहरण एकाच ब्रँडचं घेतलंय. दुकानं तीन, आणि फ्रँचायझी म्हणून द्यायचाय तो छोटा गाडो. आकडे त्या मालकाच्या बिलांवरून गोळाबेरीज केलेले आहेत. तुमच्या ब्रँडचे वेगळे असतील, पण मांडणी हीच राहील.

आधी कागद, मग पेन

मालक चहा पाजून "तू लिही रे, आकडे मागाहून भरू" म्हणतो. तसं लिहायला बसू नका. आकडे मागाहून भरले की ते वाक्याच्या मापाचे भरले जातात.

मी आता चार गोष्टी हातात आल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही. पहिली, प्रत्येक दुकानाची महिनावार विक्री, बिलिंग मशीनमधून काढलेली, सलग बारा महिन्यांची. दुसरी, दूध, गॅस, पावडर, भाडं, पगार आणि विजेची बिलं. तिसरी, फ्रँचायझीच्या कराराचा मसुदा. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, दोन पक्षांमधला करार हाच मुख्य आधार. त्यामुळे जे करारात नाही ते व्हिडिओतही नको. आणि चौथी गोष्ट, जी मागितली की मालक जरा गप्प होतो: बंद पडलेल्या दुकानाचा हिशेब. या मालकाचा पेडणे तालुक्यात किनाऱ्याकडच्या रस्त्यावर एक गाडो होता. पर्यटक होते तोवर चालला, पावसाळ्यात बसला, पुन्हा उघडलाच नाही. तोही हिशेब मी घेतला.

बिलं बघताना पगाराच्या ओळीवर थांबा. मालकाच्या स्वतःच्या दुकानात भाऊ सकाळी भट्टी पेटवतो, वहिनी दुपारी गल्ल्यावर बसते, आणि पगाराच्या रकान्यात एकाच पोराचं नाव असतं. असं दुकान कागदावर भरपूर कमावताना दिसतं. फ्रँचायझी घेणाऱ्याला मात्र ती दोन माणसं पगारावर ठेवावी लागतील. म्हणून तो पगार हिशेबात घालूनच पुढे जायचं.

गुंतवणूक: 'फक्त' हा शब्द काढा

मालकाला वाक्य हवं होतं, "फक्त ३ लाख ९० हजारांत तुमचा स्वतःचा ब्रँड." हे खोटं नव्हतं. फ्रँचायझी फी दीड लाख आणि गाडो, भट्टी, भांडी, फ्रिज, सिंक, बिलिंग मशीन मिळून २ लाख ४० हजार. म्हणजे मालकाच्या हातात पडणारे पैसे बरोबर ३ लाख ९० हजार. पण समोरच्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो: माझ्या खिशातून एकूण किती जाणार?

मी मालकाला समोर बसवून एकेक ओळ वाढवत गेलो. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, ते २७,०००. बोर्ड आणि वायरिंग ४५,०००. पहिला माल ३०,०००. महिना १२ हजार भाड्याच्या जागेचं पाच महिन्यांचं डिपॉझिट ६०,०००. परवाने, स्टँप पेपर वगैरे १५,०००. इथवर ५ लाख ६७ हजार झाले आणि मालकाने पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, अजून एक ओळ आहे. धंद्याचा जम बसेपर्यंतचे तीन महिने भाडं, दोन पगार आणि वीज मिळून महिना ४६,००० कुठून देणार? ते झाले १ लाख ३८ हजार. बेरीज ७ लाख ५ हजार.

३ लाख ९० हजार आणि ७ लाख ५ हजार, दोन्ही आकडे खरेच. पण व्हिडिओत पहिला आकडा कुठला येतो त्यावर बघणाऱ्याचं मन ठरतं. म्हणून मोठा आकडा आधी, मग त्याची फोड. स्क्रिप्टमध्ये ते असं आलं:

> "गाडो सुरू करून तीन महिने तगून राहायला साधारण ७ लाख रुपये हाताशी असावे लागतात. त्यातले १ लाख ७७ हजार आमची फी, जीएसटी धरून. २ लाख ४० हजार गाडो आणि सामान. उरलेल्यातले बहुतेक पैसे आमच्याकडे येत नाहीत: ते जागेच्या डिपॉझिटला, बोर्डाला, परवान्यांना, पहिल्या मालाला आणि पहिल्या तीन महिन्यांच्या खर्चाला लागतात. फी परत मिळत नाही. पणजी-म्हापशात भाडं जास्त असेल तर हा आकडा वाढेल."

"फी परत मिळत नाही" हे पाच शब्दांचं वाक्यसुद्धा नाही, पण मालकाशी सगळ्यात जास्त वाद त्यावरच झाला. "लोक पळतील," तो म्हणाला. पळणार असतील तर व्हिडिओ बघूनच पळोत. दीड लाख भरल्यावर भांडायला येण्यापेक्षा ते बरं. अखेर वाक्य राहिलं.

जीएसटीबद्दल एक बारीक गोष्ट. काही ब्रँड म्हणतात, "कर काय, तो परत मिळतो." छोट्या गाड्याची जीएसटी नोंदणी नसते, तेव्हा परत मिळण्याचा प्रश्नच नाही. नोंदणी झाली तरी खाण्यापिण्याच्या दुकानाला ५ टक्क्यांच्या दरात भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून तो खर्चातच धरायचा.

मदत: क्रियापद आणि तारीख

"पूर्ण सपोर्ट" हे दोन शब्द मी आता स्क्रिप्टमध्ये येऊच देत नाही. त्याऐवजी प्रत्येक मदतीला चार प्रश्न विचारतो: कोण करणार, किती दिवस, कुठे, आणि खर्च कुणाचा?

"ट्रेनिंग देतो" म्हणजे काय, असं विचारल्यावर उत्तर आलं की सहा दिवस, दोन माणसांना, फोंड्याच्या दुकानात, येण्याजाण्याचा खर्च त्यांचा. छान, तसंच लिहायचं. "जागा शोधून देतो" याचा अर्थ निघाला की मालक एकदा येऊन जागा बघतो आणि मत देतो. जागामालकाशी करार फ्रँचायझीवालाच करतो. मग "जागा शोधून देतो" नाही, "तुम्ही शोधलेली जागा एकदा येऊन बघतो" असं लिहायचं. "लायसन्सचं आम्ही बघतो" हे तर साफ कापलं. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नोंदणीचा किंवा परवान्याचा अर्ज भरायला मालक मदत करू शकतो. पण पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना मिळणं न मिळणं त्याच्या हातात नाही, आणि रस्त्याकडेच्या गाड्यांवरून आपल्या गावोगावी काय काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मग माल. करारात लिहिलं होतं की चहा पावडर आणि मसाला ब्रँडकडूनच घ्यायचा. हे बहुतेक ब्रँडांत असतं, त्यात गैर काही नाही, चव एकसारखी राहते. पण ही मदतही आहे आणि बंधनही, आणि ब्रँड त्यावर पैसे कमावतो. व्हिडिओत तिन्ही गोष्टी यायला हव्यात:

> "पावडर आणि मसाला आमच्याकडूनच घ्यावा लागतो, त्यावर आमचा नफा असतो. दूध, साखर, गॅस, कप तुम्ही तुमच्या गावात घ्या. माल आठवड्यातून एकदा पोचवतो. काणकोण आणि पेडण्याच्या टोकाला पावसात एखादा दिवस मागेपुढे होतो, म्हणून दहा दिवसांचा माल हाताशी ठेवा. महिन्याच्या विक्रीवर ४ टक्के रॉयल्टी, वर जीएसटी. माणसं आम्ही पुरवत नाही."

शेवटचं वाक्य माझ्या आग्रहाने आलं. चहाचा गाडो बंद पडतो तो बऱ्याचदा चवीमुळे नाही, तर सकाळी सहाला भट्टी पेटवणारा पोरगा गावी गेला आणि परत आलाच नाही म्हणून. "माणसं मिळवून द्याल ना?" हा प्रश्न चौकशीच्या फोनवर हमखास येतो. त्याचं उत्तर आधीच दिलेलं बरं.

कमाई: आधी कप, मग रुपये

इथे सावकाश चला. माझा नियम असा की रुपये बोलण्याआधी कप बोलायचे. "महिना तीस हजार" ऐकून कुणाला काही कळत नाही, पण "दिवसाला तीनशे कप" म्हटलं की डिचोलीतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आपला नाका उभा राहतो आणि तो मनात मोजायला लागतो, इथे तीनशे जातील का?

आधी एका कपाचा खर्च. मालक म्हणाला तीन रुपये. आम्ही त्याच्याच भट्टीवर मोजलं. ८० मिलीचे शंभर कप म्हणजे ८ लिटर चहा. त्याला ५ लिटर दूध आणि ४ लिटर पाणी गेलं, उकळताना लिटरभर आटलं. दूध ३००, पावडर १००, साखर ३७, आलं-वेलची २५, कागदी कप ६० रुपये. शंभर कपांना ५२२. उतू गेलेलं, सांडलेलं, शेजारच्या दुकानदाराला फुकट पाजलेलं धरून साडेपाच रुपये कप. गॅस त्यात नाही. हे मोजायला तास लागतो आणि मालकाची तीन रुपयांची समजूत कायमची जाते.

आता साधारण महिना, २८ दिवसांचा. रोज ३०० कप, १५ रुपयांनी. शिवाय मिरची, सामोसे, बन मिळून रोज १,५०० रुपयांचं खाणं, जे बाहेरून आणलेलं असतं आणि त्यातला पाऊणवाटा आणणाऱ्याला जातो. महिन्याची विक्री १ लाख ६८ हजार. त्यातून चहाचा माल ४६,२००, खाण्याचा ३१,५००, गॅस ४,०००, भाडं १२,०००, दोन पगार ३०,०००, वीज-पाणी ४,०००, रॉयल्टी करासकट ७,९३०, किरकोळ ३,०००. हाती उरले २९,३७०.

हाच गाडो जुलैत बघा. पावसात चहा जास्त खपतो असं आपल्याला वाटतं. छपराखालच्या बसस्टँडवर ते खरंही आहे. पण उघड्या नाक्यावरच्या गाड्यावर भर पावसात कुणी स्कूटर थांबवत नाही. मालकाच्या मशीनमध्ये जुलैची सरासरी १९० कपांची निघाली, आणि खाणं हजाराचं. विक्री १ लाख ७ हजार ८००. माल, गॅस आणि रॉयल्टी कमी झाली, पण भाडं आणि पगार तेवढेच राहिले. खर्च १ लाख ७ हजार ३४८. उरले ४५२ रुपये.

मालकाने तो आकडा दोनदा बघितला. "आमचं दुकान तर जुलैतही बरं चालतं," तो म्हणाला. चालतं, कारण वहिनी गल्ल्यावर आहे आणि तिचा १५ हजारांचा पगार कुणी धरत नाही. फ्रँचायझीवाला स्वतः गाड्यावर उभा राहिला तर त्याचाही एक पगार वाचेल, पण ती त्याची मजुरी झाली, धंद्याचा नफा नव्हे. हा फरक व्हिडिओत बोलून दाखवायचा, नाहीतर लोक दोन्ही आकडे एकमेकांत मिसळतात.

आठ साधारण महिने आणि चार मंद महिने धरले तर वर्षाला २ लाख ३६ हजारांच्या आसपास उरतात. फी, सामान, बोर्ड आणि परवाने मिळून ४ लाख ७७ हजार गुंतलेत. ते निघायला दोन वर्षं लागतील, तीही कर्जाचा हप्ता न धरता. मालकाच्या जुन्या पोस्टरवर "८ महिन्यांत पैसे वसूल" असं होतं. ते पोस्टर आम्ही दुकानातून उतरवलं.

कमाईचा भाग मग असा लिहिला, आणि तो मालकाने स्वतः, गाड्यासमोर उभं राहून बोलायचा ठरलं:

> "हे आकडे आमच्या फोंड्याच्या गाड्याचे आहेत. दिवसाला ३०० कप गेले, तर दोन पगार, भाडं आणि रॉयल्टी देऊन महिन्याला साधारण २९ हजार उरतात. १९० कपांवर काहीच उरत नाही, आणि पावसाळ्यात असे महिने आमच्याकडे आले आहेत. तुम्ही स्वतः उभे राहिलात तर एक पगार वाचेल, पण ती तुमची मजुरी. कर्जाचा हप्ता यात धरलेला नाही. आमचा किनाऱ्याकडचा एक गाडो पावसाळ्यात बंद पडला. तुमच्या जागेवर किती कप जातील याची हमी आम्ही देत नाही."

बंद पडलेल्या गाड्याचं वाक्य ठेवायला मालक तयार होईल असं मला वाटलं नव्हतं. उलट त्यानेच शूटिंगच्या वेळी स्वतःहून एक ओळ वाढवली, "आमचीच चूक होती, पावसाचा विचार केला नाही." ती ओळ लिहून सुचली नसती.

विक्री वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि १५ रुपयांच्या कपातूनच ५ टक्के द्यावे लागतात. आमच्या उदाहरणात वार्षिक विक्री पावणेअठरा लाख होते, म्हणून ते धरलं नाही. व्हिडिओत हे घातलं तर ऐकणाऱ्याचं डोकं भरून जातं. चौकशी करणाऱ्याला नंतर जो कागद द्यायचा, त्यात ते लिहिलं.

बारीक अक्षरांतली पळवाट

वर मोठ्या अक्षरांत "लाखोंची कमाई" आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत "अटी लागू", हे आता नुसतं वाईट दिसतं असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्यानुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, ठळक हवा, आणि दावा बोलून केला असेल तर खुलासाही त्याच्या जोडीने, त्याच वेगाने यायला हवा. खुलाशाने मूळ दावा उलटवणंही चालत नाही. आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे बोलणं मराठीत नि खालची पट्टी इंग्रजीत.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे खुलाशाला वेगळी जागाच ठेवायची नाही. वरच्या स्क्रिप्टमध्ये बघा, मर्यादा वाक्यातच आहे. पडद्यावर मी फक्त तीन आकडे लिहितो, ७ लाख, ३०० कप आणि १९० कप. मालक ते बोलत असेपर्यंत पडद्यावरच ठेवतो. वेगही जपा. मराठीत निवांत बोललं तर मिनिटाला १२० शब्दांच्या आसपास होतात. कमाईच्या भागात मी त्याहून सावकाश बोलायला लावतो आणि मागचं संगीत बंद करतो. ढोल वाजत असताना आकडा मोठाच वाटतो.

आईला ऐकवा

शूटिंगआधीची शेवटची पायरी. स्क्रिप्ट धंद्याशी संबंध नसलेल्या एका माणसाला एकदाच वाचून दाखवायची, दोन तास जाऊ द्यायचे, मग दोन प्रश्न विचारायचे: किती पैसे लागतील? महिन्याला किती मिळतील? मी आईला विचारतो. पहिल्या मसुद्यावर तिचं उत्तर होतं, "सात लाख, आणि तीस हजार मिळतात." म्हणजे १९० कप तिच्या कानातून निसटले होते. मी दोन वाक्यांची अदलाबदल केली, १९० आधी आणि ३०० नंतर. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "पावसात काही मिळत नाही, एरवी तीसेक हजार. पण जागा बघून." मग कॅमेरा लावला. वरचा उतारा आधीचा आहे. व्हिडिओत क्रम उलटा गेला.

फोन आल्यावर

व्हिडिओच्या शेवटी "आत्ताच बुक करा, मोजक्याच जागा" नको. आम्ही लिहिलं, "तुमचा तालुका, डोळ्यांसमोरची जागा आणि तिथलं भाडं एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा." जागाच ठरलेली नसेल तर बोलण्यासारखं काही नसतं, हे पाठवणाऱ्यालाही लिहिता लिहिता कळतं. उत्तरात हिशेबाचा कागद आणि कराराचा मसुदा जातो. पैसे भरण्याआधी एखाद्या चालू गाड्यावर सकाळी सहा ते दहा बसून स्वतः कप मोजा, असंही त्यात लिहिलंय.

फोन घेणाऱ्या पोराला स्क्रिप्टची प्रत द्यायला मात्र विसरू नका. आमच्याकडे व्हिडिओत सगळं नीट बोलून झालं, आणि पहिल्याच आठवड्यात तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अहो, चाळीस तर सहज सुटतात." आता त्याच्या टेबलावर काचेखाली १९० आणि ३०० कपांचे दोन्ही हिशेब ठेवलेत, आणि व्हिडिओच्या कोपऱ्यात शूटिंगचा महिना लिहिलाय. दुधाचा दर किंवा कपाची किंमत बदलली की कमाईचा भाग नव्याने काढायचा, हे मालकाशी पैसे ठरवतानाच मी बोलून घेतलंय.